गणपतीला घरात एकतीस माणसं आणि फ्लू: यंदा काय वेगळं करावं?

खळ्यातला · २६ जुलै, रात्री ९.४०

देवगड तालुक्यात आमचं मूळ घर आहे. मी आणि आई बारा महिने इथेच असतो, बाकी सगळे चाकरमानी. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी लांबून १४ सप्टेंबरला आली आहे, म्हणजे हाताशी अजून सात आठवडे आहेत. म्हणून आत्ताच विचारतो. गेल्या वर्षीचं पुन्हा घडू द्यायचं नाही.

गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. माझा पुतण्या, वय १९, सोमवारी २५ तारखेला रात्री गाडीत बसला. गाडीतच घसा खवखवायला लागला. मंगळवारी घरी पोचला तेव्हा अंग गरम होतं. सगळे म्हणाले प्रवासाचा शीण आहे. तापाची गोळी घेऊन तो दिवसभर आमच्याबरोबर माटवी बांधत होता, कवंडाळं, आंब्याचे टाळे लावत होता. बुधवारी गणपती बसले. बाहेर पाऊस झोडपत होता म्हणून दारं-खिडक्या लावून माजघरात एकतीस माणसांनी पाऊण तास आरत्या म्हटल्या. रात्री भजन.

गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी मिळून सहा जण तापले. त्यात माझी सात वर्षांची पुतणी, जी गावी आली की आजीच्याच कुशीत झोपते. गौरी आल्या त्या दिवशी, ३१ तारखेला, अकरा माणसं अंथरुणात होती. त्याच दिवसापासून आई जेवेना. ती ७६ वर्षांची आहे आणि तिला मधुमेह आहे. ताप नव्हता, खोकलाही नव्हता. साखर मात्र ३१८ निघाली. आम्ही म्हटलं, मोदक खाल्ले असतील. गौरी-गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारी ती हाक मारली तरी नीट डोळे उघडेना. शेजारच्यांकडून ऑक्सिमीटर आणला, ८८ दाखवलं. विसर्जन सोडून गाडी काढली. फ्लूचाच न्यूमोनिया होता. नऊ दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. नक्की कुठे चुकलं आणि यंदा काय केलं तर खरंच उपयोग होईल, एवढंच कळून घ्यायचंय. गणपती बंद करणं किंवा माणसांना येऊ नका म्हणणं आमच्याकडे शक्य नाही.

तळकोकणी · २६ जुलै, रात्री १०.१२

वाचून वायट वाटला. पण माका एक सांगा, पावसात भिजलेली पोरा, ओले कपडे, त्यातच थंड वारो, मगे सर्दी-ताप होतलोच ना? आमच्या आज्येन कायम सांगितला, भाद्रपदाचो वारो वायट, दारा लावन घेया. तुमी दारा लावलास ता बराच केलास. यंदा घरात धुरी करा, पोरांका भिजूक देव नको आणि सगळ्यांका लस देवन टाका. एकदा लस घेतली की प्रश्नच संपलो.

कुडाळची सून · २६ जुलै, रात्री १०.५०

खळ्यातला, आई आता बऱ्या आहेत ना?

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण लिहिते. तीन वर्षांमागे गणपतीच्या आदल्या आठवड्यात यजमानांना ताप आला. घरात दोन मुलांना आधीच सर्दी-ताप होता, म्हणून आम्ही धरून चाललो की हाही तोच. दोन दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. डोळे लाल झालेले. लघवी गडद आणि कमी. तो लेप्टो निघाला, उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. ते आठवडाभर भातात अनवाणी बेणणी करत होते आणि टाचेला चीर होती. म्हणून माझं एवढंच म्हणणं, भाद्रपदात ताप आला की फ्लूच असेल असं धरू नका.

सड्यावरचा डॉक्टर · २७ जुलै, सकाळी ६.५५

रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर माझी एकोणतीस वर्षं गेली. खळ्यातला, तुम्ही तारखा नीट दिल्यात, त्यामुळे बोलणं सोपं झालं. त्याच तारखा धरून पुढे जाऊ.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. आणि माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला तो देऊ शकतो. तुमचा पुतण्या सोमवारी रात्री आजारी पडला. मंगळवार-बुधवार हे त्याचे सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकण्याचे दिवस, आणि नेमके तेच दोन दिवस तो माटवीखाली आणि आरतीत होता. तिथून दोन दिवस मोजा, गुरुवार-शुक्रवार येतो. ते तुमचे पहिले सहा. त्या सहांपासून आणखी दोन दिवस मोजा, रविवार येतो. म्हणजे गौरीच्या दिवशीचे उरलेले पाच आणि आई, ही दुसरी फेरी.

यावरून माझा अंदाज असा की आईंना लागण पुतण्याकडून झालीच नसावी. ती नातीकडून झाली असावी. गुरुवारी रात्री ती मुलगी तापली, आणि त्या रात्री व त्याच्या आदल्या रात्रीही ती आजीच्या कुशीत होती. आरतीत आई कुठे बसल्या होत्या?

खळ्यातला · २७ जुलै, सकाळी ७.३०

आई आरतीला माजघरात नव्हतीच. गुडघ्यामुळे ती ओटीवर खुर्चीत बसते, दाराजवळ. आणि हो, नात तापल्यावरही शुक्रवारपर्यंत तिच्याजवळच झोपली होती. आईच उठून तिला पट्ट्या घालत होती. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

(सूनबाई, आई बरी आहे. पण चालणं कमी झालं, पूर्वीसारखी मागीलदारी जात नाही.)

सड्यावरचा डॉक्टर · २७ जुलै, सकाळी ८.१५

मग बरंच स्पष्ट झालं. एकतीस माणसांच्या घरात फ्लू शिरूच द्यायचा नाही हे कुणालाच जमणार नाही. आईपर्यंत तो पोचू द्यायचा नाही, हे मात्र जमण्यासारखं आहे. ओटीवर मोकळ्या हवेत बसून त्या आरतीतून सुटल्या आणि रात्री बंद खोलीत आठ तास एका तापलेल्या मुलीच्या श्वासात राहिल्या.

यंदा आईंच्या खोलीत एकच माणूस झोपवा, लस घेतलेलं आणि तब्येतीनं धडधाकट, शक्यतो तुम्ही स्वतः. मुलांना आजीची माया दिवसा ओटीवर, खळ्यात मिळू दे. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू बाहेर टाकतात, म्हणून मुलगी खेळायला लागली तरी ताप आल्यापासून आठवडाभर तिचं अंथरूण दुसरीकडेच ठेवा. तापलेल्या मुलाची शुश्रूषा त्याच्या आईबापांनी करायची, आजीने नाही. हे सांगताना वाईट वाटतं, मला कळतं.

तळकोकणी, तुमच्या आजीला थंडीपावसात आजार वाढतात हे बरोबर दिसलं होतं. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्चच्या सुमारास आणि दुसरी जुलै ते सप्टेंबर. पण भिजल्याने फ्लू होत नाही. पावसामुळे आपण सगळे दारं लावून एका खोलीत कोंडून घेतो, त्याने होतो. वारा बाहेर ठेवला की विषाणू आत साठतो. दारं लावणं हीच गेल्या वर्षीची दुसरी चूक होती.

तळकोकणी · २७ जुलै, सकाळी ९.०५

डॉक्टर, मान्य. पण दारा उघडली तर पाऊस सरळ देवाच्या पाटार येता. निरांजन विझता. आमचा घर पश्चिमेक तोंड करून आसा, झड कशी येता ता तुमका म्हायत आसतला. मगे करूचा काय?

डोंबिवली ते देवगड · २७ जुलै, सकाळी ११.२०

मी त्या पुतण्याच्या जागी असतो तर मीही आलोच असतो. दोन महिने आधी आरक्षण मिळवायचं, सुट्टीसाठी साहेबाच्या विनवण्या करायच्या, आणि निघायच्या दिवशी घसा दुखतो म्हणून घरी बसायचं? वर्षातून एकदा गाव दिसतं. ज्याला खरंच बरं नाही त्याने काय करावं ते सांगा, नुसतं येऊ नका म्हणू नका.

आणि गाडीतलं काय? जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, दहा-बारा तास माणसाला माणूस चिकटलेला असतो. पाऊस आला की खिडक्या बंद.

औषधवाला कणकवली · २७ जुलै, दुपारी २.४०

दुकानाच्या काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. गणपतीच्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस माणसं येतात आणि म्हणतात, "पाच दिवसांचा कोर्स द्या, अ‍ॅझिथ्रो द्या." फ्लू विषाणूचा आहे, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याचं काही करत नाही. नंतर वरून जिवाणूचा न्यूमोनिया झाला तर प्रतिजैविक लागतं, पण ते कुठलं हे डॉक्टर ठरवतात. फ्लूवर चालणारी गोळी ऑसेल्टामिव्हिर आहे आणि ती चिठ्ठीशिवाय मी देणार नाही.

मला वाटतं या घरासाठी एक सोपा उपाय आहे. घरात कुणी तापलं की आईंना त्याच दिवसापासून प्रतिबंधक म्हणून ऑसेल्टामिव्हिर ७५ ची रोज एक गोळी सुरू करायची, दहा दिवस. २००९ च्या साथीत असंच देत होते.

सड्यावरचा डॉक्टर · २७ जुलै, रात्री ९.१०

आधी दारांचं.

आमच्या केंद्रावर बाह्यरुग्ण विभागाची खोली अंधारी होती. हवा खेळते की नाही हे बघायला मी उदबत्ती लावत असे. तुम्हीही करून बघा. माजघरात सगळी दारं लावून एक उदबत्ती पूर्ण जळू द्या. विझली की घड्याळ बघा आणि कवडशात किंवा टॉर्चच्या उजेडात धूर कधी दिसेनासा होतो ते मोजा. मग पुढचं दार आणि मागीलदार दोन्ही उघडून तेच पुन्हा करा. आमच्या खोलीत पहिल्या वेळी अर्ध्या तासानंतरही धूर तरंगत होता, दुसऱ्या वेळी चार-पाच मिनिटांत गेला. श्वासातून बाहेर पडणारे बारीक थेंब जवळपास त्या धुरासारखेच हवेत राहतात. धूर रेंगाळतो तिथे तेही रेंगाळतात.

तळकोकणी, पश्चिमेची झड असेल तर पुढचं दार अर्धं लोटा आणि मागीलदार, पूर्वेच्या खिडक्या सताड उघडा. मागीलदाराच्या उंबऱ्यापाशी साधा टेबल फॅन तोंड बाहेर करून ठेवा. तो आतली हवा बाहेर ढकलतो, बाहेरची आपोआप दुसरीकडून आत येते. निरांजनाला वारा लागत नाही कारण फॅनची पाठ देवाकडे असते. छताचा पंखा हे काम करत नाही, तो तीच हवा खोलीत फिरवतो.

आरतीत माणूस पोटातून आवाज काढतो. साध्या बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात. म्हणून जमलं तर आरतीला पाच-सहा माणसं माजघरात उभी राहू देत आणि बाकीची ओटीवर, पडवीत. आवाज तेवढाच घुमतो. भजन मात्र खळ्यात मांडवाखाली करा. तीन-तीन तास चालतं ते, तेच मला आरतीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

डोंबिवलीकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. निघायच्या दिवशी ताप असेल तर दोन दिवस थांबून या. गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल तर निघा. गणपती पाच-सात दिवसांचे असतील तर त्यातले तीन तरी तुमच्या वाट्याला येतील. नुसती सर्दी-घसा असेल तर गाडीत नाकतोंड झाकणारा मास्क लावा, एन-९५ मिळाला तर उत्तम. आजारी माणसाने लावलेला मास्क सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. गावी पोचल्यावर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस खळ्यात, पडवीत झोपा आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत जाऊ नका. मोदक वळायलाही बसू नका. गाडीत दुसऱ्याच्या खोकण्याचं मात्र तुमच्या हातात फार काही नाही, मास्क आणि खिडकीची फट, एवढंच.

प्रतिबंधक गोळीबद्दल औषधवाल्यांशी मी पूर्ण सहमत नाही. ती देतात हे खरं, रोज एक, सात ते दहा दिवस, आणि आईंसारख्यांसाठी विचार जरूर करावा. पण घरातला पहिला ताप फ्लूचाच आहे हे कळल्याशिवाय नको. आईंचं मूत्रपिंड कसं चालतं हे बघितल्याशिवायही नको, कारण ते कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. मला जास्त भरवसा यावर आहे की आईंना काहीही वेगळं वाटलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि उपचाराची गोळी सुरू करायची, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर ती सगळ्यात चांगली लागू पडते. वय आणि मधुमेह असलेल्या माणसाला रिपोर्टची वाट न बघता ती देता येते. सरकारी मार्गदर्शक सूचनांतही असा रुग्ण ब गटात धरतात, म्हणजे तपासणी नाही झाली तरी गोळी द्यायची असा.

औषधवाला कणकवली · २७ जुलै, रात्री ९.४५

मूत्रपिंडाचं मान्य, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण डॉक्टर, गणपतीत तीन दिवस तपासणीची सोय मिळत नाही, लॅबवाले पण गणपतीतच असतात. तोवर दुसरी फेरी होऊन जाते. मी अजूनही म्हणेन की घरात दोन माणसं एकदम तापली तर थांबू नये.

सड्यावरचा डॉक्टर · २७ जुलै, रात्री १०.०२

तुमचा मुद्दा खोडून काढता येत नाही. खळ्यातला, हा निर्णय आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांशी आत्ता, ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. चतुर्थीच्या दिवशी फोनवर नको.

गुहागरची लेक · २८ जुलै, दुपारी १२.१५

मला पाचवा महिना आहे, सप्टेंबरात सातवा लागेल. माहेरी गौरी असतात, ओवसा आहे. सासूबाई म्हणतात लस घेऊ नको, बाळाला त्रास होईल. इथल्या डॉक्टर म्हणतात घे. मी दोघींच्या मधे अडकलेय.

सड्यावरचा डॉक्टर · २८ जुलै, दुपारी १.३०

घ्या. टोचायची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही आणि गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते. गरोदर बाईला फ्लू झाला तर तो इतरांपेक्षा जड जातो, कारण फुप्फुसांना जागा कमी असते आणि शरीरही बदललेलं असतं. सासूबाईंना हे सांगा की तुम्ही घेतलेल्या लसीचं संरक्षण बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने मिळतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, म्हणजे त्याची लस ती हीच. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आधी विचारा, गरोदर बायकांसाठी आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी तिथे लस आलेली असू शकते. बाहेर घेतली तर दीड-दोन हजारांच्या आसपास जातात.

नाकात फवारायची एक लस असते, ती जिवंत विषाणूची आहे. ती गरोदर बाईला देत नाहीत.

तळकोकणी · २८ जुलै, दुपारी ३.००

म्हंजे लस घेतली की झाला ह्या माझा बरोबर होता तर?

सड्यावरचा डॉक्टर · २८ जुलै, संध्याकाळी ७.२०

अर्धं. ज्या वर्षी लस फिरणाऱ्या विषाणूंशी नीट जुळते, त्या वर्षी दवाखाना गाठावा लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वय झालेल्यांत हा फायदा आणखी कमी. म्हणजे लस घेतलेल्या आईंनाही फ्लू होऊ शकतो. पण झाला तरी न्यूमोनियापर्यंत जायची शक्यता घटते. म्हणून लस आणि वेगळं अंथरूण, दोन्ही.

वेळेचं गणित असं. लस टोचल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. फ्लू जुलैपासूनच फिरत असतो, म्हणून खरं तर ती पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवी होती. आता उशीर झाला असला तरी या आठवड्यात घ्या. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. तुमच्या पुतणीने आयुष्यात कधी घेतली नसेल तर पहिला डोस ३ ऑगस्टच्या आत, दुसरा ३१ ऑगस्टच्या आत. तरच १४ सप्टेंबरला उपयोग. मुंबईत तिच्या आईवडिलांना आजच फोन करा. डबीवर दक्षिण गोलार्ध, म्हणजे 'साउदर्न हेमिस्फियर', २०२६ असं लिहिलेलं असावं. गेल्या हिवाळ्याचा उरलेला साठा नको. चार विषाणूंची घ्यायची की तीन, यात अडकू नका. चौथा जो होता, बी-यामागाटा, तो २०२० नंतर जगात सापडलेलाच नाही.

रायगडकर · २८ जुलै, रात्री ८.४०

मुलीचं लग्न डिसेंबरात अलिबागजवळच्या एसी मंगल कार्यालयात आहे, सातशे माणसं. कोंबडीचा फ्लू म्हणतात तोच ना हा? जेवणात चिकन ठेवावं की नको या विचारात आहोत.

सड्यावरचा डॉक्टर · २८ जुलै, रात्री ९.२५

नाही, तो वेगळा. हा माणसाकडून माणसाला श्वासातून लागतो, चिकन नीट शिजवून खुशाल ठेवा. तुमच्या कार्यात काळजी हॉलची आहे. एसी हॉलमध्ये बहुतेक वेळा तीच हवा फिरते. मॅनेजरला विचारा की बाहेरची हवा आत घेणारे पंखे आहेत का आणि लग्नाच्या वेळी ते चालू ठेवाल का. डिसेंबरात रात्री एसीची गरजच नसते, लॉनवर किंवा दारं उघडून करता येईल. आजीआजोबांच्या खुर्च्या दारापाशी ठेवा. मंगलाष्टकांच्या वेळी लोक व्यासपीठाभोवती दाटतात, तिथे त्यांना नेऊ नका.

कुडाळची सून · २८ जुलै, रात्री १०.१०

आंगणेवाडीच्या जत्रेबद्दल एक विचारायचं राहिलं. तारीख देवीच्या कौलावर ठरते, साधारण जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या पहिल्या लाटेतच. लाखो माणसं येतात. सासऱ्यांना दमा आहे आणि ते जाणारच.

सड्यावरचा डॉक्टर · २८ जुलै, रात्री १०.४०

जत्रेचं मैदान उघडं असतं, तिथे धोका कमी. जास्त धोका कोंबलेल्या गाडीतला आणि रात्री एका खोलीत दहा जण झोपण्यातला. रांगेत मास्क, गाडीची काच खाली, मुक्काम शक्यतो नको. जानेवारीच्या लाटेपर्यंत त्यांनी लस घेतलेली हवी, आणि दम्याचा पंप खिशात.

लेप्टोचं तुम्ही लिहिलंत ते मी प्रत्येकाला पुन्हा वाचायला सांगेन. भाद्रपदात तापाचा माणूस समोर आला की मी पहिलं विचारायचो, शेतात उतरला होतास का. फ्लूमध्ये घसा, कोरडा खोकला पुढे असतो आणि घरात आगेमागे आणखी कुणीतरी तापलेलं असतं. पोटऱ्या दाबल्यावर कळ, लाल डोळे, लघवी कमी किंवा गडद, यातलं काही असेल तर फ्लू म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, मीही फसलो आहे. आणि डेंग्यूही याच दिवसांत असतो, म्हणून तापाला साधी पॅरासिटामॉलच घ्या, अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या नकोत.

डोंबिवली ते देवगड · २९ जुलै, सकाळी १०.३०

सॅनिटायझरच्या बाटल्या मी येताना आणतो, प्रत्येक दाराशी एक ठेवू.

औषधवाला कणकवली · २९ जुलै, सकाळी ११.००

आरतीच्या जागी अजिबात नको. त्यात अल्कोहोल असतं. ओल्या हाताने कुणी निरांजनावर हात फिरवून आरती घेतली तर पेट घेतं. दोन वर्षांमागे एका मुलाचा हात भाजलेला माझ्या दुकानात आणला होता, भाजल्याचं मलम मागायला. पडवीत बादलीभर पाणी, मग आणि साबण ठेवा. विषाणूला साबण पुरतो. पाण्याच्या पिंपावर एकच तांब्या तोंडाला लावणं मात्र बंद करा, वरून ओतून प्या.

खळ्यातला · ३० जुलै, रात्री ९.१५

काल आणि आज जे केलं ते सांगतो. उदबत्ती लावून बघितली. दारं बंद असताना मी चाळीस मिनिटांनी कंटाळून उठलो, टॉर्चच्या झोतात धूर होताच. मागीलदार उघडून, फॅन बाहेर तोंड करून ठेवल्यावर सहा मिनिटांत गेला. आई ओटीवरून बघत होती, म्हणाली, "म्हणजे आम्ही गेल्या वर्षी एकमेकांचा श्वास घेत होतो तर."

भावाला फोन केला. पुतणीचा पहिला डोस शनिवारी आहे. आईचा उद्या, तालुक्याला. पुतण्या स्वतःहून म्हणाला, या वेळी घसा दुखला तर मी दोन दिवस उशिरा येईन. त्याला गेल्या वर्षीचं अजून बोचतं. मी त्याला सांगितलं की आजीला तू दिलंच नव्हतंस बहुतेक. थोडा वेळ तो काही बोललाच नाही.

आईच्या डॉक्टरांना क्रिएटिनिन दाखवणार आहे. प्रतिबंधक गोळीचं ते ठरवतील.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आईला तापच नव्हता, मग यंदा ओळखायचं कशावरून?

सड्यावरचा डॉक्टर · ३० जुलै, रात्री १०.००

म्हाताऱ्या माणसाला अनेकदा ताप येत नाही. तुमच्या आईंनी गेल्या वर्षी तीन खुणा दिल्या होत्या. जेवण सोडलं, कारण नसताना साखर चढली, मग झोपाळूपणा आला. पहिल्या दोन रविवारी होत्या, दवाखाना मंगळवारी गाठला. यंदा घरात कुणीही तापलं की आईंची साखर आणि ऑक्सिजन सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात चोळून गरम करा. गौरीसाठी कुणी नखांना रंग लावला असेल तर एका बोटाचा काढून ठेवा, आकडा चुकतो. पाच मिनिटं बसवून दोनदा बघा. ९४ च्या खाली गेला, किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर मोजला, किंवा त्या बोलताना चुकू लागल्या, तर विसर्जनाची वाट बघू नका. तरुण माणसांत वेगळी खूण लक्षात ठेवा. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा चढला, तर तो वरून झालेला न्यूमोनिया असू शकतो.

खळ्यातला · ३० जुलै, रात्री १०.२०

वही आजच केली. पहिल्या पानावर ९६ आणि १४२ लिहिलंय.

भजनाचं मात्र अडलंय. मोठे काका म्हणतात, देवासमोरून भजन खळ्यात न्यायचं नाही, वडिलांच्या वेळेपासून माजघरातच होतं. मांडवाचा पत्रा मी घालतोय, पण त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

तळकोकणी · ३० जुलै, रात्री १०.४८

काकांका माझो नंबर देवा. आमचा भजनी मंडळ तुमच्या घराक पाचव्या रात्री येता ना? बुवांका मी सांगतंय. बुवा म्हणाले खळ्यात बसतलव, तर काका काय म्हणूचे नाय.

खळ्यातला · ३० जुलै, रात्री १०.५५

व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.